मदत हवी आहे: आरोग्य माहितीच्या चॅटबॉटने निदान करू नये, पण मुकाही होऊ नये

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. कोल्हापुरातील एका धर्मादाय रुग्णालयासाठी आम्ही तिघेजण व्हॉट्सॲपवर चालणारा माहितीचा चॅटबॉट तयार करत आहोत. भाषा मॉडेल तयार घेतलेले आहे. उत्तरांचा मजकूर मात्र रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तपासून दिलेल्या पत्रकांमधूनच घ्यायचा आहे. चॅटबॉटने निदान करू नये आणि औषध सुचवू नये, अशी व्यवस्थापनाची अट आहे. ती योग्यच आहे, कारण 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णाला सल्ला देण्याचा आणि औषध लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांनाच आहे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या यंत्रणेला नाही.

आमच्या पहिल्या आवृत्तीत आजारांच्या नावांची यादी होती. प्रश्नात त्यातले एखादे नाव आले की चॅटबॉट ‘कृपया डॉक्टरांना भेटा’ एवढेच म्हणून थांबत असे. परिणामी ‘मधुमेह असलेल्याने पायांची काळजी कशी घ्यावी’ हा निरुपद्रवी प्रश्नही अडला, आणि नेमके त्याच विषयावरचे आमचे पत्रक सर्वात चांगले आहे.

म्हणून दुसऱ्या आवृत्तीत प्रश्न मोकळे सोडले आणि उत्तरावर पहारा ठेवला. ‘तुम्हाला अमुक आजार आहे’ अशा अर्थाचे वाक्य आले तर उत्तर अडवायचे, असा नियम केला. त्यानंतर अपघात विभागातील एका सिस्टरांनी चाचणीसाठी पुढील मजकूर लिहून दिला:

```
2 divas pitta zalay, chatit jaljaltay, goli
gheun pan kami nahi, dava hat jad vatatoy
```

चॅटबॉटने पित्ताच्या पत्रकातून व्यवस्थित उत्तर दिले: तिखट व तेलकट टाळावे, जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये, उशाकडील बाजू उंच ठेवावी. प्रत्येक वाक्य डॉक्टरांनी मंजूर केलेले होते, कोणत्याही वाक्यात ‘तुम्हाला पित्त झाले आहे’ असे नव्हते, त्यामुळे आमच्या पहाऱ्यातून ते सुखरूप बाहेर पडले. सिस्टरांनी ते वाचले आणि फोन माझ्या हातात परत दिला, बोलल्या काहीच नाहीत.

नेमके कुठे चुकले आहे आणि रचना कशी असावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

नियमावली

मला हे फार अवघड वाटत नाही. मॉडेलला सुरुवातीलाच ‘निदान करू नकोस, औषध सुचवू नकोस’ अशी ठाम सूचना द्या आणि प्रत्येक उत्तराखाली ‘ही माहिती वैद्यकीय सल्ला नाही’ अशी ओळ छापा. आम्ही एका विमा कंपनीच्या कामात असेच केले होते आणि आजवर कोणाची तक्रार आलेली नाही.

ओपीडी_तीस_वर्षे

सूचना हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण वर दिलेल्या उदाहरणात ती सूचना मोडलेलीच नाही, हे लक्षात घ्या. निदान रुग्णाने केले आणि चॅटबॉटने त्यावर शिक्का मारला. आपल्याकडे तांबडा रस्सा खाल्ल्यानंतर छातीत काहीही झाले तरी त्याला पित्तच म्हणतात. हृदयविकाराचा झटका ‘पित्त’ या नावाखाली दोन दिवस घरी काढून आलेले रुग्ण मी पाहिलेले आहेत, आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तर छातीत दुखण्याची ठळक तक्रार नसतानाही झटका येऊ शकतो. अशा माणसाला पथ्याची यादी दिली की त्याचा समज पक्का होतो. खाली छापलेली ओळ तो पक्का झालेला समज पुसत नाही.

म्हणून पहिला बदल असा करावा: रुग्णाने दिलेले आजाराचे नाव आणि त्याने सांगितलेला त्रास या दोन गोष्टी वेगळ्या काढाव्यात आणि उत्तर त्रासावरून शोधावे. वरच्या मजकुरातून ‘पित्त’ हा शब्द काढून टाका. मग छातीत जळजळ, गोळीने आराम नाही आणि डावा हात जड, एवढे उरते. यावर पथ्याचे पत्रक कोणीही काढणार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. ‘काय झाले आहे’ आणि ‘किती लवकर दाखवायचे’ हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर चॅटबॉटने देऊ नये, दुसऱ्याचे अवश्य द्यावे, कारण रात्री अकरा वाजता मेसेज करणाऱ्या माणसाला खरे तर तेच हवे असते. फोनवर बसलेली अनुभवी परिचारिका हेच करते. ती आजाराचे नाव घेत नाही. ‘आत्ता त्रास होतो आहे का, घाम आला आहे का, दम लागतो आहे का, दुखणे जबड्याकडे किंवा पाठीत जाते आहे का’ असे विचारते आणि 108 ला फोन करायला सांगते किंवा सकाळी ओपीडीत बोलावते. मात्र सर्वात खालच्या पायरीवरही ‘काळजीचे कारण नाही’ हे वाक्य असता कामा नये. आजार नाही असे सांगणे हेही निदानच आहे, आणि ते जास्त धोक्याचे आहे. खालची पायरी ‘नेहमीच्या ओपीडीत दाखवा, आणि दरम्यान अमुक लक्षण दिसले तर लगेच निघा’ अशी असावी.

सरळसोट_कोड

डॉक्टरांशी सहमत. बांधणीच्या बाजूने तीन गोष्टी सांगतो.

तातडीच्या लक्षणांची तपासणी मॉडेलवर सोपवू नका. ती मॉडेलच्या आधी, साध्या नियमांनी व्हावी आणि तिचे उत्तर डॉक्टरांनी लिहून दिलेले, न बदलणारे असावे. मॉडेल आज एक वाक्य देईल, उद्या दुसरे देईल. 108 च्या बाबतीत तेवढी मोकळीक परवडणारी नाही.

प्रश्न सर्वसाधारण आहे की स्वतःच्या त्रासाबद्दल आहे, हे ओळखण्यासाठी तुम्ही ‘मला’, ‘माझ्या’ असे शब्द शोधत असाल, तर मराठीत ते फसेल. ‘छातीत जळजळतंय’ या वाक्यात कर्ता कुठेच नाही. आपण त्रास सांगताना ‘मला’ बहुधा गाळतोच. उलट ‘माझ्या वहीत लिहायचे आहे, कावीळ कशामुळे होते’ हा शाळकरी मुलाचा प्रश्न नाहक अडेल. शब्दांपेक्षा क्रियापदाचा काळ जास्त उपयोगी पडतो. ‘जळजळते’ आणि ‘जळजळतंय’ यांतला फरक आपल्या कानाला लगेच कळतो. तोच फरक दाखवणारी उदाहरणे देऊन एक लहान वर्गीकरण करणारे मॉडेल घडवा. रोमन लिपीतली उदाहरणे त्यात नक्की हवीत.

शेवटचे म्हणजे तपासणी एका मेसेजची नको, संपूर्ण संभाषणाची करा. माणूस आधी विचारतो, ‘कावीळ झाल्यावर काय दिसते?’ उत्तर येते: डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मंद. मग तो लिहितो, ‘हे तिन्ही आहे, मग?’ मॉडेल म्हणते, ‘होय, ही लक्षणे जुळतात.’ एकेक मेसेज पाहिला तर सगळे निर्दोष आहे, पण एकत्र वाचले की निदान झालेले असते. उत्तर तपासणाऱ्याला विचारण्याचा प्रश्नही बदला. ‘या उत्तरात निदान आहे का’ असे न विचारता ‘हे वाचून या माणसाला आपल्याला कोणता आजार आहे किंवा नाही, असे वाटेल’ असे विचारा. त्यावर एखादे नाव निघाले, तर उत्तर पुन्हा लिहायला पाठवा. सरसकट नकार देऊ नका, नाहीतर तुमची पहिली आवृत्ती परत येईल.

उचगावची_लेक

धागा पूर्ण वाचला नाही, क्षमस्व, पण येथे डॉक्टर आहेत म्हणून विचारते. आईचा एचबीएवनसी 6.8 आला आहे. तिला काहीच त्रास नाही. ही शुगरच समजायची का? शेजारच्या काकू मेथीचे पाणी सुरू करा म्हणतात.

ओपीडी_तीस_वर्षे

ताई, ही तपासणी साधारण मागील दोन ते तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवते. 6.5 किंवा त्यापुढचा आकडा मधुमेहाच्या कक्षेत धरतात, पण काही लक्षणे नसतील तर एका तपासणीवर निर्णय करत नाहीत, दुसऱ्या तपासणीने खात्री करतात. शिवाय लोह कमी असल्याने रक्त कमी झाले असेल तर हा आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो. म्हणून येत्या काही दिवसांत आईंना घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. सोबत हा रिपोर्ट आणि हिमोग्लोबिनचा जुना रिपोर्ट असल्यास तोही न्या. ‘पुन्हा तपासणी कोणती आणि कधी करायची’ हे त्यांना विचारा. तोपर्यंत काकूंचे मेथीचे पाणी किंवा दुसऱ्या कोणाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. तहान फार वाढली, लघवीला वारंवार जावे लागू लागले किंवा वजन उतरू लागले, तर थांबू नका.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

ताईंचा प्रश्न विषय सोडून आला असे आधी वाटले, पण डॉक्टरांचे उत्तर मी तसेच्या तसे नमुना म्हणून उतरवून घेतले आहे. ‘हो’ किंवा ‘नाही’ कुठेच नाही, तरी ताईंना आता काय करायचे ते कळले.

त्यावरून एक शंका येते. 6.8 घेऊन आलेल्या माणसाला ‘6.5 किंवा त्यापुढे मधुमेहाच्या कक्षेत’ असे चॅटबॉटने सांगितले, तर निदान आणखी कशाला म्हणायचे?

सरळसोट_कोड

माझ्या मते आकडा चॅटबॉटने सांगू नये. डॉक्टरांनी सांगितला तो डॉक्टर म्हणून सांगितला. मशीनच्या तोंडून तोच आकडा आला, की माणूस ‘पण’च्या पुढचे वाचत नाही.

ओपीडी_तीस_वर्षे

तो आकडा प्रयोगशाळेच्या कागदावर, त्याच रकान्यात शेजारी छापलेला असतो. रुग्णाच्या हातात असलेली गोष्ट त्याच्यापासून लपवली तर तो चॅटबॉट सोडून शेजारच्या काकूंकडे जाईल. दुसऱ्या तपासणीची आणि रक्त कमी असण्याची बाब आकड्याच्या आधी लिहावी, हे मात्र मान्य. यावर आपल्या दोघांचे एकमत होईलसे वाटत नाही. तुमच्या रुग्णालयातील डॉक्टरांनी लेखी ठरवून द्यावे.

रंकाळाकाठ (धागाकर्ता)

आठवडाभरानंतरची नोंद. तातडीची तपासणी पुढे आणली आणि रुग्णाने दिलेले आजाराचे नाव बाजूला काढले. सिस्टरांच्या त्याच मजकुरावर आता उत्तर येते: ‘छातीत जळजळ आणि डावा हात जड वाटणे, हे घरी थांबून पाहण्यासारखे नाही. गोळीने आराम पडण्याची वाट पाहू नका. आत्ता त्रास होत असल्यास 108 ला फोन करा. स्वतः गाडी चालवू नका. सोबत चालू गोळ्यांची पाकिटे घ्या.’ यात कोणत्याही आजाराचे नाव नाही.

नवी अडचण अशी की ‘छातीत कफ साठलाय, वाफ किती वेळ घ्यावी’ असे विचारणाऱ्यालाही 108 सांगितले जाते. ‘छाती’ या एका शब्दावर नियम न चालवता तो जोडीच्या लक्षणावर चालवावा, हे समजले. पण आपल्या भागातील लोक ती लक्षणे कोणत्या शब्दांत लिहितात, याची यादी आमच्याकडे नाही.

वॉर्ड_नंबर_चार

मी परिचारिका आहे. रोज कानावर पडणारे शब्द देते: छातीवर दगड ठेवल्यागत वाटतंय, छातीत कळ येतीया, हात गळल्यागत झालाय, दरदरून घाम सुटलाय. हे चारही निःशंकपणे तातडीत घ्या.

पण ‘जीव घाबरा होतोय’ आणि ‘कसंतरीच होतंय’ हे कुठे घालायचे, ते मला सांगता येणार नाही. शुगर उतरलेला माणूसही तेच म्हणतो, हृदयाचा रुग्णही तेच म्हणतो आणि परीक्षेच्या आदल्या रात्री मुलेही तेच म्हणतात. मी तेव्हा नाडी पाहते आणि हाताला घाम आहे का ते पाहते. तुमच्या चॅटबॉटला हात नाही, तेव्हा त्याने किमान पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय उत्तर देऊ नये, एवढे करता आले तर पहा.