मदत हवी आहे: फोटोतल्या चार ढिगांपैकी कुठला आंबा कोणता?

मृदुला_क

नमस्कार मंडळी. शाळेच्या भित्तिपत्रकासाठी आंब्याच्या गाळ्याचा एक फोटो वापरायचाय आणि प्रत्येक ढिगाखाली जातीचं नाव लिहायचंय. फोटो मागच्या हंगामातला आहे, मेच्या मध्यावरचा. तेव्हा नावं टिपून ठेवली नव्हती आणि विकणाऱ्याला विचारायची सोय आता नाही. डावीकडून सांगते.

अ: लांबट, मोठी फळं, हिरवट पिवळी, खाली सरळ टोक काढलेलं.
ब: गवत घातलेल्या पेटीत, पिवळी, देठ वर करून लावलेली.
क: जरा गोलसर, देठाकडे लाल, आडवी पसरलेली.
ड: मागे सावलीत, हिरवी, लांबट, खालून किंचित वाकडी वाटतात.

अ तोतापुरी असणार एवढं मलाही कळतं. बाकीच्यांचं काय?

अण्णा_आंबेप्रेमी

सोपं आहे. लाली असेल तर पायरी, नुसता पिवळा असेल तर हापूस, हिरवा असेल तर अजून कच्चा. त्यामुळे ब हापूस, क पायरी आणि ड म्हणजे न पिकलेला हापूस. लिहून टाका.

कोयीवाला

अण्णा, ब आणि क ची तुमची उत्तरं बहुधा बरोबर निघतील, पण कारण चुकतंय. लाली ही उन्हाची खूण आहे. फळाच्या ज्या बाजूला ऊन लागतं तिथे ती चढते. त्यामुळे एकाच हापूसच्या झाडावर बाहेरच्या फांदीचं फळ खांद्यावर लालसर असतं आणि आत पानांत लपलेलं नुसतं पिवळं होतं. केसरचंही तसंच. शिवाय फोटोत गाळ्याचा पिवळा बल्ब आणि पेटीतला रंगीत कागद यांचा रंग सालीवर उतरतो. म्हणून रंग मी सगळ्यात शेवटी बघतो.

मृदुलाताई, आधी फळ कुठल्या बाजूने दिसतंय ते पाहा. आंबा गोल नसतो, दोन्ही गालांकडून चपटा असतो, कारण आतली कोय चपटी. आडवा ठेवला की तो गालावर लवंडतो, म्हणजे वरून बघणाऱ्याला त्याची पोट आणि पाठ अशी दोन्ही बाजूंची रेघ पूर्ण दिसते. चोच म्हणजे सालीवरचा छोटा उंचवटा, ती असते पोटाच्या बाजूला, अगदी टोकावर नाही तर टोकाच्या जरा वर. तेच फळ धारेकडून, म्हणजे पोट तुमच्याकडे करून दिसलं, तर चोच समोरून येते आणि दिसेनाशी होते. मग चोच असलेलं फळही बिनचोचीचं वाटतं. तुमच्या ब पेटीत देठ वर आहेत, म्हणजे तिथे चोच बघायचा प्रश्नच नाही. फक्त खांदे दिसणार.

तर क आणि ड या ढिगांत देठ आणि टोक दोन्ही दिसतील असं एकेक फळ शोधा. देठापासून पोटाच्या बाजूने बोट फिरवत खाली या. टोकाच्या जरा अलीकडे रेघ आत जाते का, आणि आत गेल्यावर छोटा उंचवटा येतो का, एवढंच सांगा.

घरचाआंबा

चांगला विषय निघाला. आमच्या दारात वडिलांनी कोय लावून वाढवलेलं झाड आहे. कोय केसरची होती असं ते सांगायचे. फळाला बारीकशी चोच आहे, पिकल्यावर हिरवंच राहतं, पण आकार बऱ्यापैकी गोल. हा केसर म्हणायचा का? फोटो टाकतो.

कोयीवाला

केसर म्हणता येणार नाही. आपल्याकडच्या हापूस, केसर, पायरी या जातींची कोय लावली की रोप आईसारखं निघत नाही, परागामुळे मिसळ होते. म्हणून बागेत कलमच लावतात. तुमचं झाड रायवळ, आणि रायवळ फळाला बाजारातलं नाव लावायचा अट्टहास करू नका. त्याला घरातलंच एखादं नाव द्या. फोटो जरूर टाका, पण वेगळ्या धाग्यात. इथे ढीग आधीच चार आहेत.

मृदुला_क

क मध्ये पुढच्या ओळीत एक फळ छान आडवं सापडलं. बोट फिरवलं. पोटाची रेघ गोल गोल खाली येते, टोकाच्या आधी थोडी आत जाते आणि मग एक लहानसा कोंब बाहेर येतो. लाली देठाभोवती आहे आणि खाली येताना पिवळ्यात विरघळते.

ड मध्ये मात्र फळं एकमेकांवर पडली आहेत. पूर्ण रेघ दिसेल असं एकही फळ नाही. दोन फळांची फक्त खालची टोकं दिसतात आणि ती वळलेली वाटतात.

कोयीवाला

क पायरी. खात्रीने म्हणा. टोकाआधीचा बारीक खळगा आणि त्यापुढची ती ठळक चोच हीच पायरीची ओळख. हापूसच्या रेघेत असा खळगा जवळपास नसतो, पोट टोकाकडे सरळ वळून पाठीला मिळतं. लाली खाली अर्ध्या फळापर्यंत गडद उतरली असती, तर मी आधी लालबाग आहे का ते पाहिलं असतं. तिथे वरचं लाल आणि खालचं पिवळं हिरवं यांत फारशी गल्लत होत नाही. तुमच्याकडे लाली देठाभोवतीच राहिली आहे, म्हणून तो प्रश्न मिटला.

ड चं आत्ताच ठरवत नाही. ब कडे येऊ, खरी गोम तिथे आहे.

सावलीतलं_झाड

ब कशासाठी तपासायचा? पेटी, गवत, पिवळी फळं, हापूसच ना? मी आजपर्यंत एवढ्यावरच ओळखत आलोय.

कोयीवाला

पेटी आणि गवत बघून ओळखणं म्हणजे बांधणी ओळखणं, फळ नव्हे. पिवळा बदाम, ज्याला आंध्रात बंगनपल्ली म्हणतात, तोही बिनचोचीचा आणि चकचकीत पिवळा. फोटोत या दोघांचाच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. फरक दोन गोष्टींत पाहायचा. पहिली आकारमानाची: हापूस साधारण 200 ते 300 ग्रॅमचा, बदाम त्याहून बराच मोठा आणि लांबट, 350 ते 400 ग्रॅमचा सहज भेटतो. दुसरी खांद्यांची: हापूसचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा उचललेला आणि रुंद असतो, त्यामुळे देठ मधोमध न वाटता तिरका बसल्यासारखा दिसतो.

फोटोत वजन दिसत नाही, म्हणून पेटीच्या आसपास ज्याचं माप आपल्याला माहीत आहे अशी वस्तू शोधा. हात, वजनकाट्याचं वजन, काहीही. मात्र ती वस्तू पेटीइतक्याच अंतरावर हवी. पुढे असलेली वस्तू मोठी दिसते आणि मग तुलना फसते.

मृदुला_क

विकणाऱ्याचा हात आहे! ब पेटीच्या कोपऱ्यावर त्याने एक फळ धरलंय, म्हणजे अंतर तेच. फळ तळहाताच्या रुंदीत जवळजवळ मावतं, बोटं वरून पूर्ण वळलेली आहेत. ते फळ आडवं धरलेलं असल्यामुळे खालचं टोकही दिसतं: गोल, चोच नाही, खळगा नाही. आणि हो, देठ एका बाजूला कललेला आहे.

कोयीवाला

मग हापूस म्हणायला माझी हरकत नाही. बदाम असता तर बोटं एवढी वळली नसती.

अण्णा_आंबेप्रेमी

म्हणजे शेवटी मी म्हणालो तेच! आणि रत्नागिरीचा की देवगडचा? सालीवरून सांगता येतं. साल पातळ असली म्हणजे कोकणचा.

कोयीवाला

अण्णा, साल पातळ आहे हे हातात घेतल्याशिवाय किंवा सुरी लावल्याशिवाय कळणार कसं? फोटोत साल दिसते, तिची जाडी दिसत नाही. कर्नाटकातून येतो तोही हापूसच, फक्त जागा वेगळी. तो जरा लांबट आणि जाड सालीचा असतो हे बाजारात सगळेच सांगतात, पण चार फळांच्या फोटोवरून मी तरी ते लिहून देणार नाही. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. ते ठिकाणाचं आहे, चेहऱ्याचं नाही. भित्तिपत्रकावर नुसतं ‘हापूस’ लिहा, पुढे गावाचं नाव नको.

सावलीतलं_झाड

आणि ड? हिरवा म्हणजे कच्चा, हे अण्णांचं तरी बरोबर ना?

कोयीवाला

तेही नाही. केसर पिकल्यावर बऱ्याचदा हिरवट राहतो, लंगडा तर पूर्ण पिकूनही हिरवाच. त्यामुळे नुसत्या हिरवेपणावरून काही ठरत नाही. वळलेलं टोक ऐकून माझा कल केसरकडे जातोय. केसर लांबट असतो, त्याचं टोक पोटाकडे वाकलेलं असतं आणि चोच त्या वाकण्यातच येते. मेच्या मध्यावर तो बाजारात असतोही. पण दशहरीही लांबट आणि हिरवट पिवळा असतो. फक्त तो सडपातळ, आणि टोकाला असं वाकणं नसतं. आता मृदुलाताईंना दिसतंय ते टोक खरंच वाकडं आहे की फळ तिरकं पडल्यामुळे तसं वाटतंय, हे निम्म्या झाकलेल्या फळावरून सांगता येत नाही.

घरचाआंबा

ती लहान तोतापुरीही असू शकते का? आमच्या बाजारात कोवळी तोतापुरी हिरवीच असते.

कोयीवाला

असू शकते, पण अ मधली मोठी तोतापुरी शेजारीच आहे. तिच्यात टोक बाजूला चिकटल्यासारखं नसतं, फळच खाली निमुळतं होत टोक बनतं. मृदुलाताई, ड च्या दोन टोकांपैकी एकाची निमुळती होण्याची सुरुवात फळाच्या मधूनच होते का, की फळ खालपर्यंत भरलेलं राहून शेवटीच वळतं? मधून होत असेल तर तोतापुरी, शेवटी असेल तर केसर.

मृदुला_क

मोठं करून पाहिलं. एका फळाचं शेवटीच वळतं, खालपर्यंत भरलेलं आहे. दुसरं सावलीत इतकं काळपट आहे की कडाच कळत नाहीत. तर अ तोतापुरी, ब हापूस, क पायरी, ड ‘बहुतेक केसर’ असं लिहू का?

कोयीवाला

तसंच लिहा. मूळ फोटो मोबाईलमध्ये आहे का? तुमच्या या फोटोची रुंदी कमी वाटतेय, मेसेजमधून पाठवताना लहान झाला असावा. मूळ मिळाला तर ड चा कोपरा उजळ करून परत टाका, त्या दुसऱ्या फळाची कड दिसली की पुढे बघू.

अण्णा_आंबेप्रेमी

मी अजूनही म्हणतो, ड कच्चा हापूस आहे. पैज?