तीन पद्धतींनी जीडीपी काढायचा, आणि तिन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. ही जुळवाजुळव नाही का?

उगाचच: उत्पादन मोजा, उत्पन्न मोजा नाहीतर खर्च मोजा, उत्तर एकच येणार म्हणे. मला काही पटत नाही. माल बनवला पण विकलाच गेला नाही तर? उत्पादन झालं, खर्च कोणीच केला नाही. मग समान कसं?

निवांत: अरे सोपंय, एकाचा खर्च म्हणजे दुसऱ्याचं उत्पन्न. मी दिलेले पैसे कोणाच्या तरी खिशात जातातच ना.

ताळेबंद: निवांत, तुझं वाक्य बरोबर आहे पण अर्धंच, त्याचा प्रश्न नेमका त्या मालाचा आहे ज्यावर अजून कोणी पैसेच दिले नाहीत. एक उदाहरण घेऊ, टॅक्स आणि घसारा सध्या बाजूला ठेवतो, नाहीतर गुंता होईल.

लाकूडवाल्याने १०० चं लाकूड कारखान्याला विकलं, त्यातले ६० मजुरीत गेले, ४० नफा. कारखान्याने त्या लाकडाची ४ टेबलं केली, मजुरी १८०, भाव टेबलाला १००. गिऱ्हाइकांनी ३ नेली, एक गोदामात पडून.

उत्पादनाकडून बघ: लाकूडवाल्याचे १००, कारखान्याने ४०० चा माल केला पण त्यातले १०० लाकडाचे, ते परत धरायचे नाहीत, म्हणजे ३००. एकूण ४००.

खर्चाकडून: गिऱ्हाइकांचे ३००, आणि उरलेलं टेबल कारखान्याने स्वतःच 'घेतलं' असं धरायचं, साठ्यातली वाढ १००. पुन्हा ४००.

उत्पन्नाकडून: मजुरी ६० आणि १८०, लाकूडवाल्याचा नफा ४०, कारखान्याचा ४०० वजा २८० म्हणजे १२०. बेरीज ४००.

उगाचच: म्हणजे न विकलेलं टेबल मालकाने स्वतःच विकत घेतलं! हीच ती जुळवाजुळव!! आणि न विकलेल्या टेबलावर त्याला नफा कुठून मिळाला?

ताळेबंद: ही शंका खरी आहे. बरेच कारखाने आपल्या वहीत पडून असलेला माल विक्रीच्या भावाने नाही, लागलेल्या खर्चाने धरतात. इथे २८० भागिले ४, म्हणजे ७०. तसं धरलं तर नफा ९० च येतो, साठा ७० चा होतो, उत्पादनही ३७० च होतं आणि तिन्हीकडे ३७०. म्हणजे भाव कुठला धरायचा यावर वाद घाल हवा तर, पण तिन्हीकडे एकच धरलास की ते जुळतातच, कारण नफा म्हणजे सगळ्यांचं देऊन जे उरतं ते. आता समज उत्पादनाकडून जीडीपी काढणाऱ्या माणसाने टेबल १०० ला धरलं आणि नफ्याचा आकडा मात्र कारखान्याच्या वहीतून उचलला, की ३० ची तफावत. खऱ्या आकडेवारीत फरक येतो तो अशाच गोष्टींमुळे.

रात्रपाळी: मी मागच्या महिन्यात जुनी बाईक ३० हजाराला विकली. हे माझं उत्पन्न झालं ना? मग ३० हजारांनी जीडीपी वाढला का? रिटर्नमध्ये दाखवायचं का?

निवांत: खर्च झाला तर उत्पन्न वाढलंच की.

ताळेबंद: नाही, इथेच ते वाक्य फसतं. बाईक बनली त्या वर्षीच मोजून झाली. आता घेणाऱ्याचे ३० हजार अधिक, तुझे वजा, हिशेबात शून्य. मध्ये एजंटने हजार घेतले असतील तर तेवढेच नवे, त्याने या वर्षी काम केलंय. रिटर्नचा प्रश्न वेगळा, तो सीएला विचार.

शंकेखोर: कागदावर सगळं गोड आहे हो. अमेरिकेचं जीडीपी मोजणारं सरकारी खातं बीईए खर्चाकडून जीडीपी आणि उत्पन्नाकडून जीडीआय असे दोन आकडे काढतं, ते जुळत नाहीत आणि फरक 'सांख्यिकी तफावत' म्हणून सरळ छापतात. जुळलेच पाहिजेत म्हणता, मग हे काय?

ताळेबंद: व्याख्येने जुळतात, मोजताना नाही. खर्च दुकानांच्या आणि कंपन्यांच्या सर्व्हेतून येतो, उत्पन्न बरंचसं पगाराच्या आणि टॅक्सच्या कागदांतून. एखाद्याला रोख २० मजुरी दिली आणि कुठे नोंदच नाही, तर त्याने केलेली खरेदी दुकानाच्या विक्रीत दिसते, पण त्याचं उत्पन्न दिसत नाही. दोघांचं मोजमाप वेगळं असल्यानेच चूक पकडता येते.

शंकेखोर: मग फरक उघडा ठेवावा. ब्रिटनसारखं पुरवठा-वापर तक्त्यात बसवून सगळे आकडे एकमेकांत जुळवून घेतले की चूक कुठल्या बाजूला होती हे वाचणाऱ्याला कसं कळणार?

ताळेबंद: पण तक्ता प्रत्येक वस्तूवार असतो, टेबलांचा पुरवठा आणि टेबलांचा वापर समोरासमोर दिसतो, एका एकूण फरकापेक्षा जास्त सापडतं. बीईएसुद्धा २०१५ पासून दोन्ही आकड्यांची सरासरी देतंय.

शंकेखोर: दोन्ही एकाच बाजूला चुकले असतील तर सरासरीही चुकलेलीच.

उगाचच: तुमचं चालू द्या, मी अजून त्या चौथ्या टेबलापाशीच आहे. पुढच्या वर्षी ते ५० लाच गेलं तर?

ताळेबंद: १०० ला धरलं असेल तर पुढच्या वर्षी साठा उणे १०० नाही, उणे ५० धरायचा. साठ्यातून माल बाहेर जातो त्या वेळच्या भावाने निघतो. गिऱ्हाइकाचे अधिक ५०, बेरीज शून्य. भाव पडल्याचा ५० चा तोटा मालकाचा खराच, पण तो उत्पादनात येत नाही.

उगाचच: म्हणजे मालक रडणार आणि जीडीपीला पत्ताच नाही!