ईमेलमध्ये ‘नोकरी का सोडताय?’ : खरं लिहायचं की गोड?

शंकासूर: पुण्यात एका कंपनीत अडीच वर्षं प्रॉडक्शन सपोर्टला आहे. नव्या कंपनीच्या एचआरने ईमेलवर सध्याचा पगार, अपेक्षित पगार, नोटीस पिरियड आणि नोकरी बदलण्याचं कारण विचारलंय. खरं कारण रात्रपाळी आणि बॉसचा जाच. कंपनीला नावं न ठेवता काय लिहू?

रोखठोक: ‘पगारासाठी’ लिहा आणि मोकळे व्हा. एचआरही त्याचसाठी नोकऱ्या बदलतात.

चाळणी: नुसता पगार लिहिला आणि नोटीस ९० दिवसांची असली, तर एचआरला पहिली शंका हीच येते की जुन्या कंपनीने पगार वाढवला की हा तिथेच राहणार. मग तीन महिने थांबून जागा रिकामीच. पगाराचा आकडा वेगळा विचारलाच आहे, तो तिथे द्या. कारणात कामाचं बोला. तीन वाक्यं पुरतात, समजा जागा ऑटोमेशनची आहे:

‘अडीच वर्षं मी प्रॉडक्शन सपोर्ट पाहतो आहे. पुन्हा पुन्हा येणारे बिघाड स्क्रिप्ट लिहून कमी करण्याचं काम मला जास्त जमलं, आता पूर्णवेळ तेच करायचं आहे. तुमच्या जागेत ऑटोमेशन ही मुख्य जबाबदारी असल्याने अर्ज केला.’

शेवटचं वाक्य जाहिरात वाचूनच लिहा. ते नसलं की हाच मजकूर दहा ठिकाणी गेलाय हे लगेच कळतं. आणि स्क्रिप्ट खरंच लिहिल्या असतील तरच हे लिहा, मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यावरच येतो.

राजीनामावीर: माझ्या राजीनाम्यात मी कारण लिहिलंच नाही. शेवटचा दिवस आणि आभार, बस्स. कुणी विचारलं नाही.

चाळणी: राजीनाम्यात चालतं. इथे नवी कंपनी विचारतेय, रकाना कोरा सोडला तर फोनवर तेच विचारतील.

खडूस: म्हणजे रात्रपाळी लपवायची? नव्या जागीही तीच निघाली तर?

चाळणी: लपवायची कशाला? पाळी ही कामाची अट आहे, तक्रार नव्हे. ईमेलच्या शेवटी वेगळ्या ओळीत विचारा: ‘या जागेसाठी पाळ्यांची वेळ काय असेल?’ बॉसचा विषय मात्र नको, त्याची बाजू ऐकायला वाचणाऱ्याकडे काही साधन नसतं. आणि ईमेल ऑफिसच्या आयडीवरून पाठवू नका.

उधारी: आमच्याकडे दोन महिने पगारच झालेला नाही. हे लिहिलं तर टीका होते का?

चाळणी: विशेषणं काढली की उरते ती माहिती: ‘गेले दोन महिने पगार जमा झालेला नाही.’ पुढे बँक स्टेटमेंट मागितलं तर दिसणारच आहे. आधी सांगितलेलं बरं.

रोखठोक: इथे मी उलट म्हणेन. ईमेल पुढे कुणाकुणाला फॉरवर्ड होतो ते आपल्या हातात नसतं, आणि दोन्हीकडच्या एचआरची ओळख असू शकते. हे फोनवर सांगा.

चाळणी: फोनवर सांगितलेलं नोंदीत राहत नाही. पुढच्या फेरीतला माणूस पुन्हा तेच विचारतो.

उधारी: मग तेव्हा पुन्हा सांगेन. ईमेलवर लिहायला अजून धीर होत नाही.