चटणीचा दर वाढवला, मेलमध्ये काय लिहिलं? तुमचे अनुभव सांगा

शुभांगी, राजारामपुरी: मी घरगुती कांदा-लसूण चटणी करते. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक बरंच आहे, म्हणून दरवाढ मेलनंच कळवते. 2025 च्या उन्हाळ्यात आधी लिहिलं होतं, ‘कच्चा माल महागल्यानं नाइलाजानं दर वाढवत आहोत.’ पाठवायच्या आधी हिशेब मांडला, तर ते अर्धंच खरं निघालं. माझ्या खरेदीत खोबरं किलोमागं 100 रुपयांनी चढलेलं. किलोभर चटणीत 200 ग्रॅम जातं, म्हणजे 20 रुपये. डंकावरची कुटणावळ आणि भाजायला येणाऱ्या मावशींची मजुरी मिळून 16, पिशवी-कुरिअरचे 14. पण ब्याडगी 30 रुपयांनी उतरली होती. किलोला अर्धा किलो मिरची लागते, तिथं माझे 15 वाचत होते. ते गाळायला मन होईना, मिरचीचा भाव गिऱ्हाइकालाही कळतो. मग वजावटीसकट सगळं लिहिलं: 50 वाढले, 15 वाचले, दर 580 चा 615. विषयाच्या ओळीतच दोन्ही आकडे आणि 1 मे ही तारीख. आधी सांगून ठेवलेल्यांना जुनाच दर.

विलास: ताई, इथं मेल कोण वाचतंय? मी दुकानात पाटी लावतो, विचारलं की तोंडानं सांगतो.

शुभांगी: दादा, माझं गिऱ्हाईक दुकानात येत नाही हो.

रोहन, चपलांचं दुकान: 22 सप्टेंबर 2025 पासून चपलांवर जीएसटी 5 टक्के झाला. आता आम्हाला दर वाढवताच येत नाही.

महेश, हिशेबनीस: रोहन, 5 टक्के 2500 रुपयांपर्यंतच्या जोडालाच. कर उतरला तो फायदा गिऱ्हाइकाला मिळायलाच हवा. पण चामडं किंवा शिलाई महागली तर मूळ किंमत वाढवता येते. फक्त मेलमध्ये मूळ किंमत आणि कर वेगळे दाखव, नाहीतर कराची बचत तूच ठेवलीस असं वाटेल.

अश्विनी: माझा अनुभव वाईट आहे. केकच्या दरवाढीचा मेल 60 जणींना एकदम पाठवला, सगळे पत्ते `To` मध्ये. एकीनं ‘मला जुन्या दरातच द्या’ लिहिलं, ते सगळ्यांना गेलं. मग सगळ्याच मागायला लागल्या. तेव्हापासून पत्ते `Bcc` मध्येच टाकते. दर न वाढवता डब्याचं वजन कमी करावं का?

शुभांगी: अगं, मी नाही करणार. वर्षाची चटणी भरणारी बाई घरी आल्यावर वजन करून बघते. केकचं मला सांगता येणार नाही. मला एका काकूंनी उत्तरात एवढंच विचारलं, ‘खोबरं उतरलं की दर उतरणार का?’ दिवाळीला पुन्हा हिशेब मांडून कळवते म्हणाले. मजुरी मात्र खाली येणार नाही, हे तेव्हाच लिहायला हवं होतं का, याचा अजून विचार करते आहे.