उत्तर: ड्रॅगनचं वर्ष आणि लग्न

> "मुलगी २००० ची, रास ड्रॅगन. २०२४ पण ड्रॅगनचंच, म्हणून घरच्यांनी लग्न पुढे ढकललं. स्वतःच्या प्राण्याचं वर्ष लग्नाला खरंच वाईट मानतात का?"

यावर चिनी घरांतच एकमत नाही. दर बारा वर्षांनी आपला प्राणी आला की त्या वर्षाचा अधिपती देव 'थाय-स्वै' आपल्यावर रुष्ट होतो, अशी समजूत. म्हणून वडीलधाऱ्यांनी दिलेला लाल कमरपट्टा, लाल मोजे, अगदी आतले कपडेही लाल. पण लग्नाबाबत उलटी म्हणही आहे: थाय-स्वै डोक्यावर बसलेला असताना घरात मंगलकार्य नसेल, तर संकट ठरलेलं. म्हणजे लग्न हाच उतारा! आपल्याकडची साडेसाती मात्र एवढी सोयीची नाही.

२०२४ टाळण्यामागे बहुधा दुसरंच कारण असावं. ते चांद्रवर्ष १० फेब्रुवारी २०२४ ला सुरू होऊन २८ जानेवारी २०२५ ला संपलं. वसंतारंभाचा दिवस येतो ४ फेब्रुवारीच्या आसपास, म्हणजे तो या वर्षात आलाच नाही. अशा वर्षाला 'विधवा वर्ष' म्हणतात आणि ते सगळ्याच राशींना लागू. पुढच्या सर्पवर्षात अधिक महिन्यामुळे वसंतारंभ दोनदा आला, म्हणून ते लग्नाला उत्तम मानलं गेलं.

नवरा १९९४ चा, म्हणजे कुत्र्याच्या वर्षातला असेल, तर ड्रॅगनशी त्याची थेट टक्कर. दोघांत सहा वर्षांचं अंतर. तेही विचारून बघा. आणि मुलीचा जन्म ५ फेब्रुवारी २००० च्या आधीचा असेल, तर ती ड्रॅगन नाहीच, ससा आहे.