रचना बदललेल्या पेपरचं कव्हर लेटर

> "रिव्ह्यूअरच्या सांगण्यावरून अख्ख्या पेपरची मांडणी बदलली. संपादकांना पत्रात काय काय लिहू?"

कुठलं काय कुठे गेलं, ते आधी सांगा. परिच्छेद हलवले की ट्रॅक चेंजेसमध्ये पानंच्या पानं लाल दिसतात आणि नवीन मजकूर कोणता, हे संपादकांना कळत नाही.

विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवरच्या आमच्या पेपरमध्ये निष्कर्ष आणि चर्चा एकत्र होते. ते वेगळे केले तेव्हा मी पत्रात लिहिलं: "जुना विभाग ३ आता ३ आणि ४ मध्ये विभागला आहे. विहिरींच्या निवडीचा मजकूर चर्चेतून विभाग २ मध्ये नेला. नमुने व आकडेमोड तीच आहे; फक्त ४.२ मधला पावसाळ्याचा परिच्छेद नवीन आहे." हे शेवटचं वाक्य विसरू नका. रचना बदलली की आकडेही बदलले का, ही शंका येतेच.

रिव्ह्यूअरची एखादी सूचना मानली नसेल, तर तेही पत्रातच कारणासह एका वाक्यात लिहा. मुद्देसूद उत्तरं वेगळ्या फाइलमध्ये द्या. तिथे ओळ क्रमांक नव्या प्रतीचेच हवेत. माझे एकदा जुने राहिले आणि पेपर न तपासताच परत आला. वर मॅन्युस्क्रिप्ट क्रमांक टाका, पत्र एका पानात बसवा.