मदत हवी आहे: रात्री काही खाल्लं नाही, मेटफॉर्मिन चालू आहे, तरी सकाळी साखर जास्त. यकृत गोळीला जुमानत का नाही?

सायली_२२
आईला मधुमेहासाठी मेटफॉर्मिन सुरू होऊन तीन महिने झाले. काल रात्री झोपताना साखर 131 होती, सकाळी उठल्याउठल्या 158. मध्ये पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही, मी शेजारीच झोपले होते. डॉक्टर म्हणाले, रात्री यकृत साखर सोडतं. बरं, पण ही गोळी यकृतावरच काम करते ना? मग ती करतेय काय?

दुसरं म्हणजे, हे औषध गोट्स रू नावाच्या वनस्पतीवरून आलंय असं वाचलं. एका नातेवाइकांनी तिची पूड मागवलीय. मूळ वनस्पतीच दिली तर चालेल का? लवकर सांगा. पथ्य आणि चालणं यावर कृपया लिहू नका, ते सगळं चालू आहे.

दिगंबर काका
सायली, किती मिलिग्रॅमची गोळी? दिवसातून किती वेळा? साधी की एसआर, म्हणजे हळूहळू सुटणारी? मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन कधी तपासलं होतं? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस, उत्तर कशावरून द्यायचं?

मुळाक्षर
ताई, मूळ वनस्पतीच द्या. मेटफॉर्मिन म्हणजे त्याच झाडाचा अर्क, कारखान्यात शुद्ध करून गोळीत भरलेला. झाडात बाकीचे घटक असतात, ते त्रास होऊ देत नाहीत. माझ्या मावशींनी शरपुंखा घेतली, तीही गोट्स रूच. फरक पडला.

वैदेही म.
मी औषधशास्त्र शिकवते. सायली, ती पूड आईला देऊ नकोस, आधी एवढं कर. बाकीचं सावकाश लिहिते.

मेटफॉर्मिन हा झाडाचा अर्क नाही. गोट्स रू म्हणजे गॅलेगा ऑफिसिनॅलिस. तिच्यात गॅलेगिन नावाचं द्रव्य असतं आणि त्याचा गाभा ग्वानिडिनचा आहे. ग्वानिडिनने प्राण्यांची साखर उतरते हे 1918 मध्ये दिसलं, पण ते विषारी निघालं. गॅलेगिन माणसांना देऊन पाहिलं, तेही फार काळ चाललं नाही. मेटफॉर्मिन 1922 मध्ये डब्लिनला वर्नर आणि बेल यांनी प्रयोगशाळेत बनवलं, तेही मधुमेहासाठी नव्हे. दोन ग्वानिडिन जोडल्यासारखी त्याची रचना आहे. मधुमेहाच्या रुग्णांना ते देऊन 1957 मध्ये पॅरिसच्या झां स्टर्न यांनी निष्कर्ष छापले. म्हणजे झाडाने वाट दाखवली, रेणू मात्र वेगळा आहे. खुद्द ती वनस्पती खाऊन मेंढ्या मरतात, त्यांच्या छातीत पाणी भरतं.

मुळाक्षर, नावाचा घोटाळा लक्षात घ्या. इंग्रजीत गोट्स रू हे नाव टेफ्रोसियाच्या एका अमेरिकी जातीलाही आहे, आणि शरपुंखा ही टेफ्रोसियाचीच दुसरी जात. त्या अमेरिकी जातीच्या मुळांत रोटेनोन असतं, ज्याने मासे मारतात. पुडीच्या पाकिटावर फक्त गोट्स रू लिहिलं असेल तर आत नेमकं काय आहे हे कळायला मार्ग नाही.

मुळाक्षर
मावशींना काही झालं नाही, एवढंच सांगतो. विष सगळ्यातच असतं, मात्रा महत्त्वाची.

वैदेही म.
मात्रा महत्त्वाची, अगदी बरोबर. म्हणूनच विचारते, त्या पुडीच्या एका चमच्यात गॅलेगिन किती?

सायली_२२
पूड बाजूला ठेवली. काका, गोळी 500 ची आहे, दिवसातून एकदा, सकाळी न्याहारीनंतर. क्रिएटिनिन महिन्यापूर्वी 0.8. पण मूळ प्रश्न तसाच आहे. काहीही न खाता 27 ने साखर वाढते कशी?

पेशीतला_प्रवासी
सोपं आहे. मेटफॉर्मिन एएमपीके नावाचा स्विच चालू करतं, तो चालू झाला की यकृतात साखर बनणं बंद होतं. तुमच्या आईचा तो स्विच नीट चालू होत नसणार. एएमपीके वाढवणारे पूरक आहार मिळतात, ते पाहा.

वैदेही म.
सायली, आधी तुझा हिशेब करू, मग स्विचकडे वळते.

रात्रभर पोट रिकामं असताना मेंदूला आणि तांबड्या पेशींना साखर लागतेच, ती यकृत पुरवतं. निरोगी माणसाचं यकृत दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण 2 मिलिग्रॅम साखर सोडतं. आईचं वजन 60 किलो धरू. तासाला सव्वासात ग्रॅम झाले, आठ तासांत जवळजवळ 58 ग्रॅम. आता उलट बाजूने बघ. साखर रक्तात आणि पेशींभोवतीच्या पाण्यात पसरते, ते 60 किलोच्या शरीरात 12 लिटरच्या आसपास. 131 वरून 158 म्हणजे लिटरमागे 0.27 ग्रॅम वाढ. 12 लिटरला सव्वातीन ग्रॅम. म्हणजे यकृताने रात्रभरात सोडलेल्या 58 ग्रॅमपैकी सव्वातीन ग्रॅम खर्च न होता उरले की मीटरवर 27 ची वाढ दिसते. काही खावंच लागत नाही. टाइप 2 मध्ये तर यकृत मुळातच जास्त सोडतं, कारण इन्सुलिनचा ‘पुरे’ हा निरोप त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. त्यात पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक चढतं, तेही साखर सोडायलाच लावतं.

गोळी काय करते? यकृत लॅक्टेट, ग्लिसरॉल आणि अमिनो आम्लांपासून नवी साखर जुळवतं. हे महागडं काम आहे, लॅक्टेटपासून जुळवलेल्या एका ग्लुकोजमागे ऊर्जेची सहा नाणी मोजावी लागतात. मेटफॉर्मिन पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये साठतं आणि तिथल्या श्वसनसाखळीच्या पहिल्या टप्प्याला थोडा ब्रेक लावतं. नाणी कमी पडली की एएमपी, म्हणजे खर्चून रिकामं झालेलं नाणं, वाढतं. ते साखर जुळवणाऱ्या एका विकराला अडवतं, शिवाय ग्लुकॅगॉन या संप्रेरकाचा ‘साखर सोड’ हा आदेशही त्यामुळे क्षीण होतो. यकृत बंद पडत नाही, त्याचा वेग उतरतो. 2000 साली टाइप 2 च्या रुग्णांवर मोजणी झाली होती, तेव्हा यकृतातून येणारी साखर सुमारे चतुर्थांशाने घटली होती. आणि ते आईपेक्षा बरेच मोठे डोस होते. 500 एकदा हा बहुतेकांचा सुरुवातीचा डोस असतो. हळूहळू वाढवत 2000 पर्यंत नेतात. वाढवायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील.

पेशीतला_प्रवासी
मग तेच ना! एएमपी वाढलं की एएमपीके चालू होतं. मी वेगळं काय म्हणालो?

वैदेही म.
एएमपी वाढतं इथवर तुमचं बरोबर आहे. पुढे अडतं. 2010 मध्ये यकृतात एएमपीकेच नसलेले उंदीर घेतले, तरी मेटफॉर्मिनने त्यांची साखर उतरली. म्हणजे तो स्विच नसतानाही काम होतं. 2014 मध्ये तर आणखी एक वाट पुढे आली, ग्लिसरॉलशी निगडित एक वेगळंच विकर अडतं म्हणून. ते खरं असेल तर लॅक्टेटपासून साखर बनणं अडेल आणि अ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लापासून अडणार नाही. यावर अजून भांडणं चालू आहेत. पेशींवर प्रयोग करताना बरेचदा रुग्णाच्या रक्तात असतं त्याच्या कितीतरी पट औषध ओततात, तिथेच बरेच निष्कर्ष घसरतात. पूरक आहाराच्या डबीवर एएमपीके लिहिणाऱ्यांना यातलं काही सांगायचं नसतं.

पेशीतला_प्रवासी
उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मी माझ्या मतावर ठाम आहे.

नीलांबरी
मला सहा वर्षांपासून मेटफॉर्मिन आहे. तळपायाला मुंग्या येत होत्या, मधुमेहामुळेच असं वाटलं. बी12 तपासलं तर तळाला गेलेलं. या गोळीने ते शोषलं जात नाही. सगळ्यांनी तपासून घ्या.

सायली_२२
नीलांबरीताई, धन्यवाद, पण आईला मुंग्या येत नाहीत.

दिगंबर काका
माझा एक प्रश्न राहिलाच. साधी की एसआर?

सायली_२२
एसआर. पण काका, ती गोळी विरघळतच नाही! दुसऱ्या महिन्यात आईला शौचात अख्खी पांढरी गोळी दिसली. म्हणून तेव्हापासून आम्ही ती खलात कुटून पाण्यातून देतो. तेव्हापासून आईला सकाळी मळमळतं, पोट बिघडतं, मग आठवड्यातले दोन-तीन दिवस ती घेतच नाही. हे लिहायचं राहिलं, तसं ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

दिगंबर काका
अगं, आधी सांगायचं ना! गोळी विरघळली होती. आतलं औषध निघून गेलं, फक्त फुगलेला सांगाडा बाहेर पडला. एसआर गोळ्यांत हे होतं.

वैदेही म.
काका, नेमकं सापडलं. सायली, एसआर म्हणजे औषध तासन्‌तास थोडंथोडं झिरपायला हवं. कुटल्यावर सगळंच एकदम आतड्यात उतरतं, म्हणून मळमळ. मळमळीमुळे गोळी चुकते. हे औषध शरीरात मोडत नाही, मूत्रपिंडातून जसंच्या तसं निघून जातं. रक्तातली पातळी साधारण दर सहा तासांनी निम्मी होते. सकाळी कुटून घेतलेल्या गोळीचं दुसऱ्या पहाटेपर्यंत उरणार किती? आणि दोन दिवस चुकले तर यकृतावरचा ब्रेक जवळजवळ सुटलाच.

कुटणं आजच थांबव आणि डॉक्टरांना हे सगळं फोनवर सांग. गिळायला अडचण असेल तर साधी गोळी किंवा द्रवरूप औषध मिळतं. गोळी रात्रीच्या जेवणाबरोबर घेता येईल का, हेही विचार. आणि एकदा पहाटे तीनला साखर मोज. तीनला 130 आणि सहाला 158 आली तर वाढ पहाटेची. तीनलाच 155 असेल तर रात्रभराचीच.

मुळाक्षर
एवढं सगळं पाहता झाडच साधं होतं असं नाही का वाटत?

वैदेही म.
नाही वाटत. याच गटातलं फेनफॉर्मिन 1970 च्या दशकाच्या अखेरीस बहुतेक देशांनी काढून टाकलं, कारण श्वसनसाखळीवर त्याचा ब्रेक इतका कडक होता की रक्तात लॅक्टिक आम्ल साचून माणसं दगावली. मेटफॉर्मिनचा ब्रेक सौम्य आहे म्हणून ते टिकलं. मूत्रपिंड फार मंदावलेलं असेल तर तेही देत नाहीत. ब्रेक किती लागतोय हे ठाऊक असणं, सगळा फरक त्यात आहे.

सायली_२२
चार दिवसांनी लिहितेय. डॉक्टरांनी एसआर बंद करून साधी 500 दोन वेळा दिली, जेवणाच्या मध्यावर. मळमळ नाही. पहाटे तीनला 139, सहाला 151. पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतील म्हणाले. तीन आणि सहा यांमधली वाढ अजून आहेच. वैदेहीताई, ती गोळीने जाते का?

वैदेही म.
काहींची जाते, काहींची थोडी राहते. गोळीचा काही परिणाम आतड्यातूनही होतो असं आता दिसतंय, तिथे साखर जास्त खर्च होते. यकृताचा वाटा किती आणि आतड्याचा किती, यावर एकमत नाही. दोन आठवड्यांचे आकडे टाक, मग बघू.

नीलांबरी
बी12 तेवढं वर्षाला एकदा तपासून घ्या हं.